रेस वाढते, पण गाडी उचलत नाही : मोटारसायकलचा क्लच घाटातच का स्लिप होतो?

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीला जाणाऱ्या दुचाकीस्वारांपैकी अनेकांना हा अनुभव येतो. जाताना गाडी अगदी ठीक असते. परतीला केरीतून घाट चढायला लागले, मागे माणूस बसलेला असला आणि वळणावरून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला, की इंजिनचा आवाज एकदम चढतो. टॅकोमीटरचा काटा वर उडी घेतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. घाट संपून पठारावर आले की सारे पुन्हा पहिल्यासारखे.

गॅरेजमध्ये याला ‘क्लच स्लिप मारतोय’ म्हणतात आणि बहुतेक वेळा पुढचे वाक्य ठरलेले असते, ‘प्लेटा गेल्या, बदलून टाका.’ कधी कधी ते खरेही असते. पण बऱ्याच गाड्यांत कारण एकटे नसते. झिजलेल्या प्लेटा, थकलेल्या स्प्रिंगा आणि चुकीचे ऑइल या तिघांनी थोडा थोडा घात केलेला असतो. म्हणूनच नुसत्या प्लेटा बदलून काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा येते, किंवा नुसते ऑइल बदलून दोष गेला असे वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत उभा राहतो.

ऑइलमध्ये बुडालेला क्लच

आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये चालतो. म्हणून त्याला वेट क्लच म्हणतात. त्यात दोन तऱ्हेच्या गोल चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक फ्रिक्शन प्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना घर्षणाच्या मालाचे तुकडे चिकटवलेली. दुसरी साधी स्टीलची. फ्रिक्शन प्लेटांचे बाहेरचे कान इंजिनकडून फिरणाऱ्या हाउसिंगमध्ये अडकतात, तर स्टीलच्या प्लेटांचे आतले दाते गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या हबवर बसतात. वरून प्रेशर प्लेट आणि चार-पाच स्प्रिंगा हा सगळा गठ्ठा दाबून धरतात. लिव्हर ओढला की स्प्रिंगांचा दाब निघतो, प्लेटा सुट्या होतात आणि इंजिन चाकापासून वेगळे पडते.

म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते ती केवळ दाब आणि घर्षण यांच्या जोरावर. क्लच किती ताकद पेलेल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : स्प्रिंगा किती जोराने दाबतात आणि प्लेटांमध्ये किती पकड आहे. बाकी प्लेटांची संख्या आणि त्यांचा व्यास बदलत नाही.

कंपनी क्लच बनवताना इंजिनच्या सर्वांत मोठ्या ओढीपेक्षा बरीच जास्त क्षमता ठेवते. सपाट रस्त्यावर अर्ध्या अ‍ॅक्सिलेटरवर चालताना त्या क्षमतेचा थोडाच भाग लागतो. त्यामुळे क्लच निम्मा दुबळा झाला तरी गावात फिरताना पत्ता लागत नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलेटर, वरचा गिअर आणि चढ हे तिन्ही एकत्र आले की मगच उरलेली क्षमता अपुरी पडते. दोष घाटात तयार होत नाही, घाट तो फक्त उघडा पाडतो.

खरोखर स्लिप आहे का, हे आधी पाहा

एका गिअरमध्ये इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण ठरलेले असते. क्लच पूर्ण पकडलेला असेल तर ते बदलूच शकत नाही. तपासणी याच गोष्टीवर उभी आहे.

उदाहरण म्हणून १५० सीसीची, पाच गिअरची, ३८ हजार किलोमीटर चाललेली एक गाडी घेऊ. मोकळ्या सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये, हलक्या हाताने, ६० किलोमीटर वेगाला टॅकोमीटर ५,००० फेरे दाखवतो. आता रिकाम्या चढावर त्याच गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दिला. वेग ६२ झाला, पण काटा ६,२०० वर गेला. ६२ च्या वेगाला हिशेबाने सुमारे ५,१७० फेरे हवेत. वरचे हजारभर फेरे चाकापर्यंत पोचलेच नाहीत, ते प्लेटा एकमेकींवर घासण्यात गेले. म्हणजे इंजिन जेवढे फिरते त्यातला सुमारे १७ टक्के भाग स्लिप.

गाडीला टॅकोमीटर नसेल तर कान वापरावा. चौथ्या गिअरमध्ये ४०-४५ च्या वेगाने चढाला लागून अ‍ॅक्सिलेटर एकदम पिळायचा. इंजिनचा आवाज आणि वेग एकाच चालीने वाढले तर क्लच ठीक आहे. आवाज आधी वर गेला आणि वेग मागून रेंगाळत आला, तर स्लिप आहे. ही चाचणी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ताणू नये आणि वाहता रस्ता टाळावा.

दोन गोष्टींशी याची गल्लत होते. पेट्रोल कमी पडणे किंवा प्लगची ठिणगी चुकणे यातही गाडी ओढत नाही, पण तेव्हा फेरे वाढत नाहीत, उलट इंजिन अडखळते. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडत असेल तर खट-खट आवाज आणि झटके येतात. क्लच स्लिप मात्र गुळगुळीत असते, ना झटका ना आवाज, फक्त रेस वाढते.

स्लिप चालू असताना काय होते तेही समजून घेतले पाहिजे. चढावर इंजिन त्या वेळी सुमारे साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा हॉर्सपॉवर देत असेल, तर त्यातले १७ टक्के म्हणजे सव्वा किलोवॅट उष्णता प्लेटांच्या गठ्ठ्यातच तयार होते. हजार वॅटची इस्त्री आत चालू ठेवल्यासारखेच हे. या उष्णतेने घर्षणाचा माल चकचकीत आणि कडक होतो, पकड आणखी घटते आणि स्लिप वाढत जाते. म्हणून वाटेतच हा दोष दिसला तर उरलेला घाट खालच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलेटर हलका ठेवून चढावा. खालच्या गिअरमध्ये तोच चढ चढायला इंजिनला कमी ओढावे लागते आणि क्लचवरचा ताण उतरतो.

पहिला संशय केबलवर

काही उघडण्याआधी लिव्हर बघावा. लिव्हर हातात घेतला की सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असली पाहिजे, मग केबलचा ताण लागला पाहिजे. ही मोकळीक, म्हणजेच फ्री प्ले, पुष्कळ छोट्या मोटारसायकलींत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. काही कंपन्या ती लिव्हरच्या मुळाशी मोजतात आणि तिथे आकडा दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून, त्यात सांगितलेल्या जागीच मोजावा.

मोकळीक शून्य असेल तर लिव्हर न धरताही केबल प्रेशर प्लेटला किंचित उचलून धरते. म्हणजे नव्या प्लेटा आणि नव्या स्प्रिंगा असूनही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. आणि इथे एक गोष्ट उलटी वाटणारी आहे. प्लेटा झिजल्या की केबल ढिली पडेल असे वाटते, पण घडते विरुद्ध. गठ्ठा पातळ झाला की प्रेशर प्लेट क्लच सुटण्याच्या उलट दिशेला सरकते, त्यामुळे केबलची मोकळीक हळूहळू कमी होत जाते. क्लच लिव्हर सोडताना अगदी शेवटी, उंचावर पकडायला लागतो तो यामुळेच. हाताला जमत नाही म्हणून कोणी या अवस्थेत केबल आणखी ताणली, तर स्लिप हमखास येते.

उदाहरणातल्या गाडीत मोकळीक जेमतेम तीन मिलिमीटर उरली होती. अ‍ॅडजस्टर फिरवून ती १५ वर आणली. पुन्हा चढावर पाहिले तर स्लिप थोडी घटली, गेली नाही. म्हणजे केबल एकटी दोषी नव्हती.

ऑइल : आकडा बरोबर, डबा चुकीचा

दुसरा प्रश्न शेवटी कोणते ऑइल घातले हा. बहुतेक जण यावर ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ असे सांगतात. हा आकडा ऑइल थंडीत आणि गरम झाल्यावर किती पातळ-घट्ट राहते तेवढेच सांगतो. क्लचची पकड राहील की नाही हे त्यावरून कळत नाही.

ते कळते दुसऱ्या खुणेवरून. चारचाकीत क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतो. त्यामुळे गाडी पेट्रोल कमी खावी म्हणून चारचाकीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायने घालतात. इंजिनला ती चांगली, पण मोटारसायकलच्या वेट क्लचला मारक. ही अडचण वाढल्यावर जपानच्या जासो या मानक संस्थेने १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलसाठी वेगळे मानक आणले. त्यात ऑइल प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर तपासून वर्ग ठरवतात. ‘एमए’ म्हणजे वेट क्लचला चालणारे. त्यातही ‘एमए२’ ची पकड सर्वांत जास्त. ‘एमबी’ म्हणजे कमी घर्षणाचे, बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण त्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो.

म्हणून डब्याच्या मागच्या बाजूला ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ लिहिले आहे का ते बघायचे. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा जुन्या डब्यांवर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतील तर ते ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नये. घरातल्या स्कूटरचा उरलेला डबा बाइकमध्ये ओतणे हीही तीच चूक. इंजिन गुळगुळीत चालावे म्हणून वरून घालायच्या बाटल्यांबद्दलही हेच. ज्या औषधाने इंजिनमधले घर्षण कमी होते, तेच क्लचमध्येही जाऊन बसते.

आपल्या उदाहरणात नेमके असेच घडले. गाडीला १०डब्ल्यू-३० सांगितले होते आणि १०डब्ल्यू-३०च घातले, पण ते चारचाकीचे. आकडा जुळला म्हणून कोणाला शंका आली नाही. या जागी घाईत प्लेटा बदलणे चूक ठरते, कारण नव्या प्लेटाही तेच ऑइल पिणार.

उपाय असा. इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढायचे, फिल्टर बदलायचा किंवा गाळणी धुवायची आणि एमए२चे, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचे ऑइल घालायचे. कितीही निथळले तरी थोडे जुने ऑइल आतल्या पोकळ्यांत आणि प्लेटांच्या मालात मुरून राहते. म्हणून दोन-तीनशे किलोमीटर हलक्या हाताने चालवून ऑइल पुन्हा एकदा बदलावे. प्लेटा करपल्या नसतील तर बहुधा पकड परत येते. दुसऱ्या बदलानंतरही स्लिप राहिली, तर कव्हर उघडावे लागते.

कव्हर उघडल्यावर काय मोजायचे

बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या कव्हरखाली असतो. ऑइल काढून कव्हर उघडले की स्प्रिंगांचे बोल्ट दिसतात. ते एकदम एक एक न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जावे. एकाच बाजूचा ताण आधी सोडला तर प्रेशर प्लेट तिरपी होते. प्लेटा ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवाव्यात, कारण काही गाड्यांत पहिली किंवा शेवटची प्लेट वेगळी असते.

आता व्हर्नियर घ्यायचा. फ्रिक्शन प्लेट तीन-चार ठिकाणी मोजायची. स्प्रिंग मोकळी उभी ठेवून तिची उंची मोजायची. स्टीलची प्लेट जाड काचेवर सपाट ठेवून फीलर गेजने तिचा बाक पाहायचा. प्रत्येकाची शेवटची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

उदाहरणातल्या गाडीचे आकडे असे. पाच फ्रिक्शन प्लेटा, नव्या ३.० मिलिमीटर जाड, मर्यादा २.६, मोजल्या तेव्हा प्रत्येक २.७. स्प्रिंगांची नवी उंची ३६ मिलिमीटर, मर्यादा ३४.५, मोजली तेव्हा ३५. दोन्ही गोष्टी मर्यादेत. मिस्त्री म्हणणार, ‘प्लेटा अजून चालतील, स्प्रिंगाही चालतील.’ आणि त्याचे म्हणणे एकेक भाग पाहता खरेही आहे. पण क्लच एकेका भागावर चालत नाही.

पाच प्लेटा प्रत्येकी ०.३ मिलिमीटरने झिजल्या, म्हणजे गठ्ठा एकूण दीड मिलिमीटर पातळ झाला. स्प्रिंग आता तेवढी कमी दबते. शिवाय ती स्वतः एक मिलिमीटर बसली आहे. नवी असताना ती बसवल्यावर १० मिलिमीटर दबत असेल, तर आता साडेसातच दबते. स्प्रिंगचा जोर ती किती दबली यावर ठरतो, म्हणजे दाब एक चतुर्थांशाने घटला.

आता हिशेब जोडून पाहू. समजा इंजिनची सर्वांत मोठी ओढ १०० धरली आणि नव्या क्लचची क्षमता १५०. दाब चतुर्थांशाने घटल्यावर ती ११२ वर येते. अजून १०० पेक्षा जास्त आहे, म्हणून गाडी स्लिप होत नव्हती. दुसरीकडे नव्या क्लचमध्ये चुकीच्या ऑइलने पकड एक पंचमांशाने घटली असती, तर क्षमता १२० राहिली असती. तेव्हाही स्लिप झाली नसती. पण दोन्ही एकत्र आले की ११२ चा पाचवा भाग जातो आणि क्षमता ९० होते. चढावर १०० ची ओढ लागली की स्लिप सुरू.

नुसते ऑइल बदलल्याने दोष गेल्यासारखा का वाटतो, तेही यातून दिसते. क्षमता पुन्हा ११२ वर येते, पण हाताशी शिल्लक फक्त १२ असते. आणखी थोडी झीज झाली, केबल जरा ताणली गेली, की गाडी परत पहिल्या जागी. नुसत्या स्प्रिंगा नव्या घातल्या तर क्षमता १२७ पर्यंत जाते. प्लेटा आणि स्प्रिंगा दोन्ही नव्या घातल्या तरच पुन्हा १५०. कव्हर एकदा उघडले की गॅस्केट नवे लागतेच आणि मजुरीही द्यावीच लागते. त्यामुळे प्लेटांसोबत स्प्रिंगांचा सेटही बदलणे शहाणपणाचे, आणि सर्व स्प्रिंगा एकदम. एक नवी, तीन जुन्या असे केल्यास दाब एका बाजूला जास्त पडतो.

प्लेटा काय सांगतात

जाडी मर्यादेत असूनही प्लेट टाकून द्यावी लागते, अशा दोन खुणा आहेत. घर्षणाचा माल काळा पडून काचेसारखा चकाकत असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर तो भाजला आहे. पॉलिश पेपरने घासून चमक काढता येते, पकड परत येत नाही. दुसरी खूण स्टीलच्या प्लेटांवर निळे-जांभळे डाग. ती प्लेट खूप तापली आहे. काचेवर ठेवून बाक मर्यादेबाहेर निघाला तर बदलावीच.

हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडलेले असतील, तर त्याची तक्रार वेगळी असते. प्लेटा खाचेत अडकतात, त्यामुळे क्लच धरूनही पूर्ण सुटत नाही, गाडी गिअरमध्ये झटका देते. तो दोष स्लिपचा नाही आणि नव्या प्लेटांनी तो जाणार नाही.

बसवताना आणि नंतर

नव्या फ्रिक्शन प्लेटा कोरड्या बसवू नयेत. योग्य ऑइलमध्ये त्या काही तास, शक्य असेल तर रात्रभर, भिजवून ठेवाव्यात. कोरडी प्लेट पहिल्याच उठावाला भाजू शकते. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळावेत. ते ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांत बसतात ते मऊ असतात, जोर जास्त झाला की आटे जातात किंवा खांब तुटतो आणि पूर्ण हब बदलायची वेळ येते. शेवटी केबलची मोकळीक नव्याने लावावी. गठ्ठा पुन्हा जाड झाल्यामुळे जुनी जुळवणी आता चालत नाही.

स्वस्तातला एक जुगाड सगळीकडे चालतो : जुन्या स्प्रिंगेखाली वॉशर टाकणे. दाब वाढतो, स्लिप थांबते, हे खरे. पण लिव्हर जड होतो, केबल लवकर तुटते आणि वॉशर जाड असेल तर लिव्हर पूर्ण ओढल्यावर स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकून क्लच नीट सुटत नाही. भाजलेल्या प्लेटेवर तर हा इलाज चार दिवसांचाच. घरापर्यंत पोचण्यापुरता ठीक, कायमचा नाही.

लिव्हर हलका लागतो म्हणून स्प्रिंगा गेल्या, असे मात्र धरू नये. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत असिस्ट-स्लिपर क्लच असतो. त्यात इंजिनची ओढच प्लेटांना दाबायला मदत करते, म्हणून मुळातच हलक्या स्प्रिंगा दिलेल्या असतात. तिथे निर्णय हाताच्या अंदाजावर नव्हे, मोजलेल्या उंचीवरच घ्यावा.

उदाहरणातल्या गाडीत प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट आणि एमए२ ऑइल असे सगळे बदलल्यावर तोच चढ, तोच पाचवा गिअर आणि पूर्ण अ‍ॅक्सिलेटर देऊन पुन्हा पाहिले. ६२ च्या वेगाला काटा ५,२०० च्या जवळपास थांबला. हिशेबात आलेला आकडाही तोच होता. दुरुस्ती झाल्यावर गाडी घेऊन जाण्याआधी हीच एक चाचणी करून घ्यावी, आणि ती सपाटीवर नव्हे, चढावर.